वहीतल्या घटाचा फोटो: उत्तर +०.०६९ की −०.०४९? घट चालतो की नाही?

केळीबाग (रावेर)

मुलगी बारावीला आहे, क्लास जळगावला. काल तिनं फळ्यावरच्या आकृतीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला आणि तेव्हापासून आमच्या दोघींचा वाद चालू आहे. माझं बीएस्सी गणितात झालंय, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली, म्हणून इथे विचारते.

आकृतीत दोन बीकर आहेत. डावीकडे टिनची पट्टी, उजवीकडे लेडची, मध्ये सॉल्ट ब्रिज, वर व्होल्टमीटर. तारेवर इलेक्ट्रॉनचा बाण टिनकडून लेडकडे काढलाय. डाव्या बीकरखाली Sn2+ १.० M असं स्वच्छ दिसतं. उजव्या बीकरखाली Pb2+ लिहिलंय, पण त्यावर ट्यूबलाइटची तिरीप आलीय. ०.०१ M असावं असं वाटतं, पण ०.१ किंवा ०.००१ सुद्धा असू शकतं. तक्त्यातल्या किमती टिनसाठी −०.१३६ आणि लेडसाठी −०.१२६ व्होल्ट. प्रश्न असा: घटाचा विभव काढा आणि दाखवलेली क्रिया स्वयंस्फूर्त आहे का ते सांगा.

क्लासच्या उत्तरपत्रिकेत +०.०६९, स्वयंस्फूर्त. मुलीचं पहिलं उत्तर −०.२६ आलं. मी केलं तर −०.०४९ आलं, म्हणजे स्वयंस्फूर्त नाही. तीन उत्तरं तीन दिशांना. कोण चुकतंय?

तापीकाठ

ताई, उत्तरपत्रिका बरोबर आहे. लेड हे टिनच्या वर आहे, म्हणजे लेडचा आयन इलेक्ट्रॉन घेणार आणि टिन देणार. E° अधिक ०.०१० आलं म्हणजे क्रिया स्वयंस्फूर्तच. त्यात सांद्रतेची दुरुस्ती केली की ०.०५९ मिळवायचे, झाले ०.०६९. तुम्ही वजा केले म्हणून उत्तर उलटं आलं.

सीईटी_वाला (अमळनेर)

तापीकाठ दादा, वजा करायचे की मिळवायचे हे आपण ठरवत नाही, नर्न्स्टच्या समीकरणातल्या log मध्ये काय आहे त्यावरून ठरतं. क्रिया Sn + Pb2+ → Sn2+ + Pb अशी आहे. तयार होणारा आयन टिनचा, तो वर. संपणारा लेडचा, तो खाली.

```
E = 0.010 - (0.0592/2) log(1.0/0.01)
  = 0.010 - 0.0592
  = -0.049 V
```

मला पण ताईंसारखंच आलं. उलटं घातलं, म्हणजे ०.०१ वर आणि १.० खाली, की बरोब्बर +०.०६९ येतं. उत्तरपत्रिकेत बहुतेक तेच झालंय.

केळीबाग (रावेर)

माझंही हेच गणित. पण मग मुलीचं −०.२६ कुठून आलं? तिनं तर दुरुस्ती अजून केलीच नव्हती.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

ताई, ते −०.२६ मी ३० वर्षं वह्यांत पाहिलंय. टिन अ‍ॅनोड आहे, तिथे ऑक्सिडेशन होतं, म्हणून पोरं −०.१३६ चं चिन्ह बदलून +०.१३६ करतात. इथपर्यंत ठीक. मग "कॅथोड वजा अ‍ॅनोड" हे सूत्र आठवतं आणि ती बदललेली किंमत पुन्हा वजा करतात: −०.१२६ − ०.१३६ = −०.२६२. चिन्ह दोनदा बदललं. एक तर किंमत तक्त्यात आहे तशीच ठेवून वजा करा, नाहीतर चिन्ह बदलून मिळवा. मुलीला सांगा, मी कायम पहिलाच रस्ता धरतो. चिन्हाला हातच लावत नाही, दोन्ही किमती तक्त्यातून जशाच्या तशा उतरवतो.

तिला स्वतःलाही हे ओळखता आलं असतं. तक्त्यात टिन आणि लेड एकमेकांना चिकटून बसलेत, अंतर १० मिलिव्होल्टचं. त्या दोघांचा घट पाव व्होल्ट देतो म्हटलं की तिथेच थांबायला हवं.

आता मूळ मुद्दा. सीईटीवाल्या भाऊने गणित बरोबर केलंय. पण त्या तिरिपेचं काय, हे कुणीच विचारलं नाही. जेवून आल्यावर लिहितो.

सातपुडा_शेती (यावल)

राम राम भाऊसाहेब. मना बी एक सवाल शे. आमच्याकडे लाइट रात्रीची जाते, म्हणून मळ्यातल्या खोलीवर इन्व्हर्टर बसवलाय, १२ व्होल्टची लेडचीच बॅटरी. नवीन होती तेव्हा रात्रभर चालायची, आता दोन तासांत बसते. मेकॅनिक म्हणतो पाणी टाका. टाकलं तर व्होल्ट आणखी कमी झाले. तुमच्या या लेडच्या घटात काही उपाय असेल तर सांगा, काय करानं?

शब्दशः

शेतीभाऊ, धागा परीक्षेतल्या घटाचा आहे, बॅटरीचा नाही.

विषयावर: ऋण विभवाचा घट असूच शकत नाही. घट म्हणजे वीज देणारं साधन. −०.०४९ आलं याचा अर्थ हा घट चालत नाही, बंद आहे. त्यामुळे एक तर आकृती चुकीची, नाहीतर प्रश्न चुकीचा. असा प्रश्न परीक्षेत येणार नाही.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

शब्दशः, अर्धं बरोबर आहे तुमचं. खरा घट वीज देतोच, हे मान्य. पण −०.०४९ याचा अर्थ घट बंद असा होत नाही. आकृतीत जी दिशा काढलीय त्या दिशेने तो चालत नाही, एवढाच होतो. उलट्या दिशेने तो चालतो, आणि ४९ मिलिव्होल्टनेच चालतो. लेडची पट्टी विरघळायला लागेल, टिनच्या पट्टीवर टिन बसायला लागेल, तारेतले इलेक्ट्रॉन लेडकडून टिनकडे जातील. बाण चुकला, घट चुकला नाही.

मीटर लावून बघितलं तर हेच दिसतं. लाल वायर उजव्या पट्टीला, काळी डाव्या पट्टीला. आकडा अधिक आला तर उजवी पट्टी कॅथोड, उणे आला तर उजवी पट्टी अ‍ॅनोड. मीटर बिघडलेला नसतो. फळ्यावर डावीकडे काय लिहिलंय हे पट्ट्यांना ठाऊक नसतं. डावीकडचा तो अ‍ॅनोड, ही आपली लिहिण्याची रीत आहे. ती धरून हिशोब करायचा आणि उणे आलं की बाण फिरवायचा.

"असा प्रश्न येणार नाही" हेही पटत नाही. "दाखवलेली क्रिया स्वयंस्फूर्त आहे का" असं विचारलंय ते याचसाठी.

आता तिरीप. ताईंना उजव्या बीकरवरचा आकडा नीट वाचता येत नाहीये. मग तिन्ही धरून पाहू:

```
Pb2+ = 0.1    ->  E = -0.020 V
Pb2+ = 0.01   ->  E = -0.049 V
Pb2+ = 0.001  ->  E = -0.079 V
```

तिन्ही उणे. म्हणजे विभवाचा आकडा तिरिपेवर अवलंबून आहे, पण स्वयंस्फूर्त आहे की नाही हे उत्तर तिरिपेवर अवलंबून नाही. मग ते कधी बदलेल? विभव शून्य होईल तिथे. ०.०१० = ०.०२९६ × log(प्रमाण) ठेवलं की log ०.३४ येतो, प्रमाण सुमारे २.२. टिनचा आयन लेडच्या आयनाच्या २.२ पटीपेक्षा जास्त असेल तर बाण उलटा, कमी असेल तर बाण फळ्यावर आहे तसा. टिन १.० असेल तर लेड साधारण ०.४६ च्या वर हवं. "शून्य पॉइंट शून्य" असं काहीतरी दिसतंय आणि ताईंची शंका ०.१ च्या पुढे जात नाही. ०.४६ च्या जवळपासही नाही.

तापीकाठ, तुम्ही "लेड वर आहे म्हणून स्वयंस्फूर्त" म्हणालात. तांबं-जस्त असतं तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो. तिथे E° १.१० व्होल्ट, दुरुस्ती शंभरपटीला फक्त ०.०५९. ते फिरवायला प्रमाण १ वर ३७ शून्यं इतकं लागेल, एवढं बीकरमध्ये करताच येत नाही. इथे E° आहे १० मिलिव्होल्ट आणि दुरुस्ती ५९. तक्त्यातला क्रम १ M विरुद्ध १ M साठी असतो. अंतर एवढं बारीक असलं की क्रम सांद्रता ठरवते.

तापीकाठ

सर, log उलटा घातला होता हे मान्य. पण एक शंका आहे. उत्तरपत्रिका काढणाऱ्याने log उलटा घातला असं आपण गृहीत धरतोय. समजा फळ्यावरच १.० आणि ०.०१ या लेबलांची अदलाबदल झाली असेल? म्हणजे टिन ०.०१ आणि लेड १.० असं हवं होतं. तेव्हा +०.०६९ बरोबरच येतं आणि बाणही बरोबर ठरतो.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

शंका रास्त आहे. एका फोटोवरून ते ठरत नाही. दोन्हींपैकी एक चूक आहे एवढंच सांगता येतं, कुठली ते नाही.

भुसावळ_४५

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. ०.०५९२ हा आकडा २५ अंशांचा आहे ना? मग भुसावळच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात हे गणित चुकायला हवं. मी करून पाहिलं. ४५ अंशांना तो ०.०५९२ ऐवजी ०.०६३१ होतो, मग विभव −०.०५३ येतो. चार मिलिव्होल्टचा फरक पडला.

सीईटी_वाला (अमळनेर)

भारी. पण E° पण तापमानाने बदलतो ना? तक्ता २५ अंशांचाच आहे.

भुसावळ_४५

हो, ते राहिलंच. E° मी तसाच ठेवला. मग माझ्या −०.०५३ वर फार विसंबू नका. चिन्ह फिरत नाही एवढं तरी म्हणता येईल का सर?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

वीस अंशांच्या फरकात, प्रमाण शंभर असताना, चिन्ह फिरणार नाही असं मलाही वाटतं. पण १० मिलिव्होल्टच्या E° वर मी पैज लावणार नाही, आणि का ते सांगतो.

कॉलेजात असताना एका वर्षी मी हाच घट मांडायचा प्रयत्न केला होता. लेड नायट्रेट ०.०१ M, स्टॅनस क्लोराइड १ M. पहिली अडचण सॉल्ट ब्रिजची. आमच्याकडे अगारमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेल्या यू नळ्या तयार असायच्या, त्यातलीच एक उचलली. दहा मिनिटांत लेडच्या बीकरमध्ये नळीच्या तोंडाशी पांढरा ढग तरंगायला लागला. लेड क्लोराइड. ०.०१ M लेडला क्लोराइड ०.०४ M च्या आसपास मिळालं की साका बसायला लागतो, आणि नळीच्या तोंडाशी ते त्याहून कितीतरी जास्त होतं. मीटरचा आकडा एका जागी थांबेना. मग अमोनियम नायट्रेटची नळी केली, ढग गेला.

दुसरी अडचण जास्त खोल निघाली. स्टॅनस क्लोराइड साध्या पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल घालावं लागतं, मग ते स्वच्छ होतं. पण आता त्या बीकरमध्ये क्लोराइड भरपूर झालं आणि टिनचे आयन त्याच्याशी जोडी लावून बसतात. बाटलीवर १ M लिहिलेलं असतं, मोकळे Sn2+ मात्र त्याच्या अगदी थोडक्या भागाइतके उरतात. नर्न्स्टच्या समीकरणाला मोकळेच लागतात. म्हणून आमचा मीटर उणे ४९ ला कधी गेलाच नाही, शून्याच्या आजूबाजूला डोलत राहिला. एकदा तर अधिक बाजूलाही जाऊन आला.

फळ्यावरच्या उत्तरात चूक आहे असं मी म्हणत नाहीये. प्रश्नात १.० M दिलंय, ते मोकळ्या आयनांचं मानायचं, उत्तर −०.०४९. पण घरी कुणी "करून दाखवतो" म्हणालं तर हा घट निवडू नका. आणि लेडची द्रावणं घरात मुळीच नकोत.

शब्दशः

म्हणजे मीटर अधिक दाखवत असेल तर उत्तरपत्रिकेचं "स्वयंस्फूर्त" खऱ्या बीकरसाठी बरोबर ठरलं की!

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

त्या एका दिवशी, त्या आम्लात, चिन्ह जुळलं. आकडा +०.०६९ च्या जवळपासही नव्हता. आणि ते log उलटा घातल्यामुळे जुळलं नव्हतं. कारण वेगळं असताना चिन्ह जुळलं तर ते बरोबर उत्तर मी धरत नाही. तुम्ही धरत असाल तर आपलं इथे पटणार नाही.

शब्दशः

नाही पटत. परीक्षेचं उत्तर प्रयोगाशी जुळायला हवं असं माझं मत आहे. असो.

सातपुडा_शेती (यावल)

माझी बॅटरी राहिलीच.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

शेतीभाऊ, तुमचा प्रश्न विषयाच्या बाहेरचा नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमच्या बॅटरीत सहा घट आहेत. त्यातल्या आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजतात. ढोबळ हिशोब असा की घनतेत ०.८४ मिळवले की एका घटाचा व्होल्ट येतो. पूर्ण भरलेली, घनता १.२६, तर २.१० व्होल्ट, सहा घटांचे १२.६. उतरलेली, घनता १.१५, तर १.९९ व्होल्ट, सहांचे ११.९ च्या आसपास. आम्ल पातळ झालं की व्होल्ट उतरतात. या धाग्यातली सांद्रतेची दुरुस्ती ती हीच.

तुम्ही पाणी टाकलंत, आम्ल आणखी पातळ झालं, म्हणून आकडा खाली आला. पाणी टाकणं चूक नाही. पातळी खाली गेली असेल तर ते टाकायलाच हवं, पण डिस्टिल्ड, बोअरचं नाही, आणि टाकल्यावर पूर्ण चार्ज करून मगच मोजायचं. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि सहाही घटांची घनता वेगवेगळी लिहून काढा. पाच सारखे आणि एक खूप खाली असेल तर तो घट गेला. सगळे सारखे आणि आकडा चांगला, तरी दोन तासांत बसते, तर प्लेटा थकल्या. तिथे समीकरण मदत करत नाही, कारण ते व्होल्ट सांगतं, किती वेळ चालेल ते सांगत नाही. आम्ल आहे, चष्मा लावूनच झाकणं उघडा.

सातपुडा_शेती (यावल)

समजलं भाऊ. बोअरचंच टाकलं होतं मी. उद्या हायड्रोमीटर आणतो फैजपूरहून.

केळीबाग (रावेर)

सगळ्यांचे आभार. आज मुलीच्या मैत्रिणीकडून त्याच फळ्याचा दुसरा फोटो मिळाला, डावीकडच्या बाकावरून काढलेला. तिरीप सरकलीय. उजव्या बीकरखाली लेडच्या शेजारी ०.०१ M स्पष्ट आहे. आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, अर्धा पुसलेला, `log 0.01` दिसतोय.

सीईटी_वाला (अमळनेर)

म्हणजे log उलटाच घातलाय. `log(1.0/0.01)` असतं तर `log 100` आलं असतं.

तापीकाठ

दिसतंय तसं. पण लेबलं आधीच अदलाबदल होऊन फळ्यावर आली असतील तर? सोडवताना सरांच्या कागदावर टिन ०.०१ असेल आणि त्यांनी `log(0.01/1.0)` असंच बरोबर घातलं असेल. तेव्हाही पुढची ओळ `log 0.01` हीच येते.

केळीबाग (रावेर)

हो, तेही खरं. सोमवारी ती क्लासला विचारणार आहे. सध्या तिनं वहीत टिनकडून लेडकडे जाणारा बाण खोडून उलटा काढलाय, लेडच्या पट्टीखाली "झिजते" लिहिलंय आणि शेजारी फळ्यावरच्या मूळ दिशेचा ΔG काढलाय:

```
ΔG = -2 × 96500 × (-0.0492) = +9496 J  (≈ +9.5 kJ)
```

तिचा आता नवाच प्रश्न आहे, माझ्याकडे उत्तर नाही. उलट्या बाजूने घट चालत राहिला तर तो कधी थांबतो? लेड संपेपर्यंत?

सीईटी_वाला (अमळनेर)

नाही. सरांनी २.२ काढला ना, तिथे थांबतो. लेडची पट्टी विरघळून Pb2+ वाढत जाईल, Sn2+ तेवढाच कमी होत जाईल, दोघांचं प्रमाण २.२ ला आलं की विभव शून्य. दोन्ही बीकरमध्ये द्रावणाचं आकारमान सारखंच आहे असं धरून:

```
(1.0 - x)/(0.01 + x) = 2.18
x = 0.31
Sn2+ = 0.69 M,  Pb2+ = 0.32 M
```

जुना_डेमॉन्स्ट्रेटर (धुळे)

बरोबर. पट्टी पुरेशी जाड हवी, एवढंच. दर लिटरला ०.३१ मोल म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम लेड विरघळायचं आहे. शाळेतली पातळ पट्टी त्याआधीच संपेल आणि मग मुलीचं "लेड संपेपर्यंत" खरं ठरेल.

केळीबाग (रावेर)

तिला वाचून दाखवलं. ती आता पट्टीचं वजन विचारतेय.